पैसे भरले, आता पक्कं बिल मागा

सांगलीजवळ घरगुती मसाल्यांचा छोटा व्यवसाय करणारी एखादी बाई पुण्याच्या विक्रेत्याकडून पॅकिंग मशीन मागवते, असं समजू. मशीनची किंमत ८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १४,४०० रुपये, एकूण ९४,४००. ऑर्डर क्रमांक २४१८. ३ जूनला ४०,००० रुपये आगाऊ दिले, ते घाईत नवऱ्याच्या खात्यातून यूपीआयने गेले. २४ जूनला उरलेले ५४,४०० तिने फर्मच्या खात्यातून एनईएफटीने पाठवले. २६ तारखेला मशीन आलं. सोबत एक चलन आणि ऑर्डरच्या वेळी मिळालेलाच प्रोफॉर्मा इनव्हॉइस. पैसे पूर्ण गेले, माल दारात आला, आणि हातात पक्कं बिल नाही.

प्रोफॉर्मा इनव्हॉइस दिसायला बिलासारखाच असतो. त्यावर किंमत असते, करही दाखवलेला असतो. पण तो विक्रीआधीचा अंदाज आहे. बऱ्याच लोकांची फसगत इथेच होते: कागद फाइलला लागतो आणि मार्चमध्ये हिशेबनीस विचारतो, ‘याचं बिल कुठे आहे?’ पक्क्या बिलावर, म्हणजे टॅक्स इनव्हॉइसवर, विक्रेत्याचा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा बिल क्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, कराआधीची रक्कम आणि कराचे वेगवेगळे आकडे असतात. व्यवहार महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात असल्यानं इथे केंद्राचा ७,२०० आणि राज्याचा ७,२०० असा कर दिसायला हवा. माल पाठवून विकायचा असेल तर तो जागेवरून निघतानाच किंवा त्याआधी बिल तयार व्हावं, असं जीएसटी कायदा सांगतो. म्हणजे २६ जूनला ते तयार असायलाच हवं होतं. बहुतेक वेळा ते तयार असतंही, फक्त विक्रेत्याच्या लेखनिकाच्या संगणकात. ते मागण्यात संकोच वाटण्याचं काही कारण नाही.

मागायचं ते मात्र नेमकं मागावं. ‘बिल पाठवा’ एवढ्या व्हॉट्सअॅपवर काम होत नाही, कारण तो निरोप विक्री करणाऱ्या माणसाला जातो आणि बिल काढणारा वेगळाच असतो. त्याच्यापुढे बँकेचा उतारा असतो: तारीख, रक्कम, पाठवणाऱ्याचं नाव. आपल्या उदाहरणात ४०,००० रुपयांसमोर ज्याचं नाव आहे, त्याच्या नावावर ऑर्डरच नाही. तो लेखनिक ती रक्कम ‘अनोळखी जमा’ म्हणून बाजूला ठेवतो आणि ऑर्डर २४१८ वर ५४,४०० एवढेच जमा दाखवतो. चार महिन्यांनी विक्रेत्याकडून ४०,००० रुपयांच्या थकबाकीचं पत्र येतं. यात लबाडी कुणाचीच नसते. पैसे आणि ऑर्डर यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते, इतकंच.

म्हणून ईमेल असा असावा:

‘विषय: ऑर्डर क्र. २४१८ – टॅक्स इनव्हॉइस व पैसे मिळाल्याची पावती.

नमस्कार. ऑर्डर क्र. २४१८ (मसाला पॅकिंग मशीन, १ नग) चे एकूण ९४,४०० रुपये आम्ही पूर्ण भरले आहेत. ३ जूनला ४०,००० रुपये यूपीआयने, माझ्या पतींच्या खात्यातून. २४ जूनला ५४,४०० रुपये एनईएफटीने, फर्मच्या खात्यातून. दोन्हींचे व्यवहार क्रमांक आणि पतींचे खात्यावरील नाव खाली दिले आहे. मशीन २६ जूनला मिळाले. कृपया ९४,४०० रुपयांचा टॅक्स इनव्हॉइस फर्मच्या नावाने पाठवावा. फर्मचे पूर्ण नाव, पत्ता व जीएसटी क्रमांक सोबत आहे. तसेच दोन्ही रकमा याच ऑर्डरपोटी मिळाल्याची पावती द्यावी व बाकी शून्य असल्याचे कळवावे. इनव्हॉइस ५ जुलैपर्यंत मिळावा ही विनंती.’

यूपीआयच्या व्यवहाराला बारा अंकी संदर्भ क्रमांक असतो, बँकेच्या बदलीला यूटीआर असतो. तोच लिहावा. ‘पैसे गेले’ असं दाखवणारा स्क्रीनशॉट जोडायला हरकत नाही, पण तो शोधता येत नाही. क्रमांक शोधता येतो.

बिल आणि पावती दोन्ही का मागायच्या, असं पुष्कळ जण विचारतात. काय विकलं आणि त्याचे किती झाले, हे बिल सांगतं. पैसे पोचले, हे बिलावरून सिद्ध होत नाही, कारण उधारीच्या विक्रीतही अगदी तसंच बिल निघतं. ते काम पावतीचं. पाच हजारांवर रोख दिले असतील तर पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी.

आता ५ जुलै ही तारीख का. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्या विक्रेत्याला जूनमधली विक्री ११ जुलैपर्यंत जीएसटीच्या पोर्टलवर दाखवावी लागते. त्यानंतर १४ तारखेच्या सुमाराला खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी या विवरणात ती उमटते. तिथे बिल दिसलं, तरच या बाईला आपल्या विक्रीवरच्या करातून १४,४०० रुपये वजा करता येतात. लहान धंद्यात ही रक्कम एखाद्या महिन्याच्या पगाराएवढी असते. बिलावर तिचा जीएसटी क्रमांक राहून गेला, तर ती विक्री साध्या ग्राहकाला केल्यासारखी नोंदली जाते आणि तिच्या विवरणात येतच नाही. विवरणपत्र भरण्याआधी ही चूक पाच मिनिटांत सुधारते. नंतर दुरुस्तीची नोंद करून घ्यावी लागते, आणि त्या आर्थिक वर्षाचं हे सगळं निस्तरायला साधारणपणे पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुदत असते. म्हणून बिल आल्या आल्या तीन गोष्टी पाहाव्यात: आपला जीएसटी क्रमांक अक्षर न् अक्षर बरोबर आहे का, एकूण रक्कम भरलेल्या पैशांशी जुळते का, आणि बिलाची तारीख त्याच आर्थिक वर्षातली आहे का. मार्च महिन्याच्या खरेदीत ही तिसरी गोष्ट फार महाग पडते.

समोरचा कंपोझिशन योजनेतला विक्रेता असेल, तर तो ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेऊच शकत नाही. तो टॅक्स इनव्हॉइस देत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो. त्याच्याशी वाद घालून उपयोग नाही. खरेदीआधीच विचारून घ्यावं. पण अशा विक्रेत्यानं कागदावर कर वेगळा लावलेला असेल, तर मात्र तिथेच थांबावं.

जीएसटी क्रमांक नसलेल्या घरगुती ग्राहकालाही पक्क्या बिलाचा हक्क आहे. दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीवर बिल न देण्याची मुभा दुकानदाराला आहे, तीही ग्राहकानं मागितलं नाही तरच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. फ्रिज बिघडला की कंपनीचा माणूस आधी बिलाची तारीख विचारतो, तेव्हा या हक्काची किंमत कळते.

उत्तर आलं नाही, तर आठवड्यानं त्याच ईमेलवर, तोच विषय ठेवून पुन्हा लिहावं आणि पहिल्या मागणीची तारीख नमूद करावी. फोन करावा, पण फोनवर ठरलेलं लगेच ईमेलमध्ये उतरवावं. त्यानंतरही टाळाटाळ झाली, तर बिल न देता माल पुरवल्याबद्दल जीएसटी कायद्यात निदान दहा हजार रुपयांचा दंड आहे, हे एका वाक्यात कळवावं. घरगुती ग्राहकानं राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार घेणाराही ऑर्डर क्रमांक, रक्कम, पैसे दिल्याची तारीख आणि व्यवहार क्रमांक याच गोष्टी विचारतो, आणि त्या सगळ्या पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलेल्या असतात.