जाळ्याच्या मध्यभागी थकवा

झोप लागत नाही, म्हणून दिवसभर थकवा येतो. थकव्यामुळे कामात लक्ष लागत नाही, चुका होतात, त्या चुकांवरून माणूस स्वतःला दोष देतो आणि तोच विचार रात्री पुन्हा झोप उडवतो. नैराश्याने ग्रासलेल्या कुणालाही विचारलं तरी अशी साखळी ऐकायला मिळते. मानसशास्त्राच्या संशोधनात मात्र बराच काळ वेगळं गृहीत धरलं जाई: आत कुठेतरी ‘नैराश्य’ नावाचा एक आजार आहे आणि निद्रानाश, थकवा, उदासी या त्याच्या बाहेर दिसणाऱ्या खुणा आहेत. अ‍ॅम्स्टरडॅमचे डेनी बोर्सबूम, अँजेलिक क्रामर आणि त्यांचे सहकारी यांनी 2010च्या सुमारास याला पर्याय मांडला. लक्षणं एकमेकांना ओढून आणतात, आणि त्यांचं हे एकमेकांत गुंतलेलं जाळं म्हणजेच आजार, असं त्यांचं म्हणणं होतं.

कल्पना लगेच पटते. जाळं म्हटलं की पुढचा प्रश्नही आपोआप येतो. यातली मुख्य गाठ कुठली? ती सोडवली तर बाकीचं जाळं सैल पडेल का? संशोधनपद्धतीच्या चर्चासत्रात नैराश्याच्या जाळ्याचं चित्र पडद्यावर आलं की विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात. उत्तर म्हणून ‘केंद्रीयता’ नावाचा आकडा पुढे केला जातो. तो आकडा नेमकं काय सांगतो, हे पाहायला हवं, कारण त्याच्या जोरावर कधीकधी थेट उपचारांच्या शिफारशी केल्या जातात.

आधी चित्र कसं तयार होतं ते पाहू. शेकडो रुग्णांकडून एकदाच प्रश्नावली भरून घेतात. प्रत्येक लक्षणासाठी एक बिंदू काढतात. दोन बिंदूंमधल्या रेषेची जाडी आंशिक सहसंबंधावरून ठरते, म्हणजे बाकीची सगळी लक्षणं स्थिर धरल्यावर या दोघांत उरणाऱ्या संबंधावरून. एका बिंदूला लागलेल्या सर्व रेषांचे आकडे, वजाचं चिन्ह सोडून, एकत्र मिळवले की त्याची ‘स्ट्रेंग्थ’ मिळते. केंद्रीयतेची मापं आणखीही आहेत. एखादा बिंदू इतरांच्या सर्वात जवळच्या वाटांवर किती वेळा येतो, हेही मोजतात. ती मापं माणसांमधल्या संपर्कांच्या अभ्यासातून आली. तिथे निरोप खरोखरच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. निद्रानाशाकडून अपराधीपणाकडे असं काय जातं, आणि ते जवळचीच वाट का धरेल? 2019मध्ये लॉरा ब्रिंगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आक्षेप सविस्तर मांडला, आणि मला तो पूर्ण पटतो. म्हणून इथे फक्त स्ट्रेंग्थचाच विचार करू.

समजा, तीनच लक्षणं आहेत: निद्रानाश, थकवा आणि एकाग्रतेचा अभाव. निद्रानाश आणि थकवा यांचा सहसंबंध 0.5 आहे, थकवा आणि एकाग्रतेचा अभाव यांचाही 0.5, आणि दोन टोकांच्या लक्षणांचा आपसात 0.25. आंशिक सहसंबंध काढले तर थकव्याच्या दोन्ही रेषा सुमारे 0.45च्या येतात आणि दोन टोकांमधली रेषा शून्य होते. थकव्याची स्ट्रेंग्थ जवळपास 0.9, इतर दोघांची त्याच्या निम्मी. थकवा निर्विवादपणे मध्यभागी.

आता हेच आकडे कुठल्या परिस्थितीत येऊ शकतात ते बघा. पहिली शक्यता: झोप नाही म्हणून थकवा, आणि थकव्यामुळे लक्ष लागत नाही. दुसरी शक्यता नेमकी उलटी: लक्ष लागत नाही म्हणून काम रेंगाळतं, त्यातून थकवा येतो, आणि अतिथकव्याने झोप उडते. तिसरी: मुळात थकवाच आहे, समजा रक्तक्षयामुळे, आणि तोच झोप आणि एकाग्रता दोन्ही बिघडवतो. तिन्ही गोष्टींतून अगदी तेच सहसंबंध, तेच जाळं आणि तीच स्ट्रेंग्थ मिळते. एकदाच भरलेल्या प्रश्नावलीतून यातली खरी कुठली, हे कितीही रुग्ण वाढवले तरी कळणार नाही.

उपचाराच्या दृष्टीने मात्र तिन्हींत मोठा फरक आहे. थकवा कमी केला तर पहिल्या गोष्टीत एकाग्रता सुधारेल, पण झोप सुधारणार नाही. दुसरीत झोप सुधारेल, एकाग्रता नाही. फक्त तिसरीत दोन्ही सुधारतील. ‘मध्यवर्ती लक्षणावर उपचार करा’ हा सल्ला तीनपैकी एकाच परिस्थितीत पुरता लागू पडतो. पहिलीत तर झोपेवर उपचार करणं केव्हाही अधिक फायद्याचं, आणि झोपेची स्ट्रेंग्थ निम्मीच आहे.

याहून खोल अडचण वेगळीच आहे. हे जाळं एका माणसाच्या मनाचं नसतं. एका वेळी अनेक माणसांकडून माहिती घेतली की चित्र माणसामाणसांतल्या फरकांचं बनतं. एलेन हामाकर यांनी दिलेलं टायपिंगचं उदाहरण इथे चपखल बसतं. वेगाने टाइप करणारी माणसं सहसा कमी चुका करतात, कारण त्यांचा सराव जास्त असतो; पण त्यांच्यापैकी कुणीही नेहमीपेक्षा वेग वाढवला तर त्याच्या चुका वाढतात. समूहातला संबंध आणि एका माणसातला संबंध उलट्या दिशांचेही असू शकतात. समोर बसलेल्या रुग्णाचा थकवा वाढला की पुढे काय होतं, हे समूहाच्या जाळ्यावरून वाचता येत नाही. त्यासाठी त्याच माणसाच्या रोजच्या नोंदी घ्याव्या लागतात.

प्रश्नावलीत काय विचारलं आहे, यावरही मध्य ठरतो. झोप उशिरा लागणं, मध्येच जाग येणं आणि पहाटे लवकर जाग येणं असे तीन वेगळे प्रश्न असतील, तर ते एकमेकांशी घट्ट जोडलेले निघणारच. झोपेच्या बिंदूंची स्ट्रेंग्थ त्याने वाढते, आणि ही वाढ आजारातून नव्हे, प्रश्नांच्या रचनेतून येते.

आकडा स्थिर आहे का, हे तपासायची चांगली पद्धत साशा एप्सकॅम्प, बोर्सबूम आणि आइको फ्राइड यांनी 2018मध्ये मांडली. नमुन्यातली काही माणसं वगळायची, पुन्हा केंद्रीयता काढायची आणि क्रम टिकतो का ते बघायचं. यातून मिळणारा गुणांक निदान 0.25 आणि शक्यतो 0.5च्या वर असावा, असं ते सुचवतात. ही तपासणी न करता छापलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नये. पण ती पार पडली म्हणजे एवढंच ठरतं की आकडा डळमळीत नाही. वरच्या तीन गोष्टींतली कुठली खरी, याचं उत्तर तीही देत नाही.

मग या आकड्याचा उपयोग काय? एक उपयोग मला खरा वाटतो. 2016मध्ये फ्राइड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या उपचार-अभ्यासातल्या 3463 रुग्णांची 28 लक्षणं घेऊन जाळं काढलं. निदानाच्या अधिकृत यादीतली लक्षणं यादीबाहेरच्या लक्षणांपेक्षा जास्त मध्यवर्ती आहेत, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. इथे केंद्रीयतेकडून कारण सांगण्याची अपेक्षा नव्हती. अधिकृत यादीतली लक्षणंच नैराश्याचा गाभा आहेत या समजुतीला तिने प्रश्न विचारला, आणि तेवढं काम तिला झेपतं. कुठल्या लक्षणाकडे आधी लक्ष द्यावं, याचा अंदाज बांधायलाही ती कामी येते.

तो अंदाज खरा आहे का, हे मात्र हस्तक्षेपानेच कळतं. आपल्या तीन लक्षणांच्या उदाहरणात त्यासाठी दोन चाचण्या पुरतील. पहिल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्या रुग्णांना फक्त निद्रानाशावर उपचार द्यायचे. त्यांचा थकवा उतरला आणि लक्षही लागू लागलं, तर पहिली गोष्ट खरी. झोप सुधारूनही बाकी काही हललं नाही, तर दुसऱ्या चाचणीत एकाग्रतेवर काम करायचं: थकवा आणि झोप दोन्ही सुधारले तर दुसरी गोष्ट, नाही सुधारले तर तिसरी.