मोइसनाइटची आग, हिऱ्याचा भाव

मोइसनाइट म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री म्वासाँ यांना १८९३ मध्ये ॲरिझोनातल्या कॅन्यन डायब्लो इथल्या अशनीत त्याचे सूक्ष्म स्फटिक आढळले आणि सुरुवातीला ते हिरेच वाटले. दागिन्याजोगा नैसर्गिक मोइसनाइट मिळत नाही. बाजारातला प्रत्येक खडा कारखान्यात वाढवलेला असतो. चार्ल्स अँड कोल्वर्ड या अमेरिकी कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस तो दागिन्यांत आणला. तिच्या पेटंटांची मुदत संपल्यावर इतर उत्पादक उतरले आणि तो आणखी स्वस्त झाला. इतिहास एवढा पुरे.

लखलखाटात मोइसनाइट हिऱ्यालाही मागे टाकतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.६५, हिऱ्याचा २.४२. पांढरा प्रकाश सप्तरंगांत फोडण्याची ताकद मोइसनाइटमध्ये ०.१०४, तर हिऱ्यात ०.०४४, म्हणजे दुपटीहून जास्त. लग्नाच्या हॉलमधल्या झगमगत्या दिव्यांखाली त्याच्यातून लाल-निळ्या ठिणग्या उडतात, त्या यामुळेच. कुड्यांत किंवा चमकीत हा रंगांचा खेळ खुलतो. दोन कॅरेटच्या एकाच खड्यात मात्र तो जरा भडक वाटतो आणि जाणकाराच्या नजरेत लगेच भरतो.

कठीणपणात मोहस् मापनावर हिरा १०, तर मोइसनाइट ९.२५ च्या आसपास. रोजच्या धुळीतल्या गारेचे कण ७ चे, त्यामुळे ते दोघांनाही ओरखडे पाडू शकत नाहीत. हिरा मात्र मोइसनाइटला ओरबाडतो, म्हणून दोन्ही एका डबीत ठेवू नयेत. हिऱ्याचीही एक दुबळी बाजू आहे: ठरावीक चार दिशांनी तो सहज दुभंगतो. मोइसनाइटमध्ये अशा सरळ दुभंगरेषा नाहीत.

खरी गंमत पारखण्यात आहे. समजा, ६.५ मिलिमीटर व्यासाचा गोल खडा बसवलेली अंगठी सराफाच्या गादीवर आली. सराफ आधी उष्णता मोजणारे पेन टेकवतो. हिरा उष्णता झपाट्याने वाहून नेतो आणि काच किंवा झिरकॉन तसे करत नाहीत, एवढ्यावरच हे पेन चालते. मोइसनाइटही उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने पेन बेधडक ‘हिरा’ म्हणते. अनेकांची फसगत याच टप्प्यावर होते.

मग दहापटीचे भिंग. खडा थेट वरून पाहून उपयोग नाही, कारण पैलू पाडणारे त्याची अक्षदिशा मुद्दाम अशी ठेवतात की वरच्या सपाट पैलूतून कडा दुहेरी दिसू नयेत. तो किंचित तिरका धरून, कडेच्या पैलूंतून खालच्या पैलूंच्या कडा पाहायच्या. मोइसनाइटमध्ये प्रकाशकिरण दुभंगतो, त्यामुळे एकेक कड दोन समांतर रेषांसारखी दिसते. हिऱ्यात ती एकच राहते. पुष्कळदा समांतर सुयांसारख्या बारीक रेघाही आत सापडतात. सरावलेल्या डोळ्याला एवढे पुरते. कुठल्याही बॅटरीच्या यंत्रापेक्षा हे भिंगच अधिक भरवशाचे म्हणावे लागेल.

त्यानंतर विद्युतवाहकता तपासणारे यंत्र. बहुतेक मोइसनाइटमधून थोडी वीज वाहते, हिऱ्यातून सहसा नाही. पण बोरॉन असलेल्या निळ्या हिऱ्यातून वीज वाहते आणि काही अतिशुद्ध मोइसनाइटमधून जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकाच यंत्राच्या कौलावर निकाल देऊ नये. खडा सुटा असेल तर वजन बोलते: ६.५ मिलिमीटरचा गोल हिरा सुमारे १ कॅरेट भरतो, मोइसनाइट ०.९ च्या जवळपास. प्रयोगशाळेत मिथिलीन आयोडाइड या जड द्रवात खडा टाकला की हिरा बुडतो, मोइसनाइट तरंगतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र या परीक्षांत सहसा हिराच ठरतो. तो ओळखायला वेगळी उपकरणे लागतात.

मोडीच्या वेळी मोइसनाइटच्या खड्याला बहुतेक सराफ काहीच धरत नाहीत. नवा खडा एवढा स्वस्त मिळत असताना जुना कोण घेणार? नैसर्गिक हिऱ्याला किंमत येते, पण ती दुकानाच्या परतखरेदीच्या अटी आणि प्रमाणपत्र यांवर ठरते. बाहेरच्या दुकानात ती बरीच खाली येते. हिरा म्हणजे गुंतवणूक, हा समज त्यामुळे फारसा टिकत नाही. प्रयोगशाळेतल्या हिऱ्याचे भावही गेल्या काही वर्षांत घसरले आहेत.

बजेट आखडते असेल तर मोइसनाइट घेऊन वाचलेले पैसे सोन्याच्या वजनात घालणे शहाणपणाचे. तेव्हा बिलात ‘मोइसनाइट’ हा शब्द स्पष्ट हवा, हॉलमार्क हवा आणि खड्याचे वजन वजा करून सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहिलेले हवे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. खडेच खडे असलेल्या बांगडीत ही वजावट झाली नाही, तर खड्यांचे वजनही सोन्याच्या भावाने मोजले जाते.