विषारी दारू आणि डोळे : हातात असतात फक्त काही तास

जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. अशा दारूत मिथेनॉल, म्हणजे मिथाईल अल्कोहोल असते. रंग, थिनर यांत वापरले जाणारे हे रसायन स्वस्त म्हणून दारूत मिसळतात. वासावरून किंवा चवीवरून ते ओळखता येत नाही.

मिथेनॉल पोटात गेल्याबरोबर डोळे जात नाहीत. यकृतात त्याचे हळूहळू फॉर्मिक ॲसिड बनते. हे आम्ल रक्तात साठते आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा करते. याला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. सोबत नेहमीची दारूही पोटात असेल, तर आणखी उशीर होतो.

समजा, एकाने रात्री आठ वाजता दारू घेतली. सकाळी डोके दुखते, मळमळते, पोटात कळा येतात. घरचे म्हणतात, "रात्रीची उतरली नाही, झोपू द्या." दुपारी तो म्हणतो, डोळ्यांपुढे पांढरे धुके आहे. संध्याकाळी धाप लागल्यासारखा खोल, जलद श्वास सुरू होतो. डोळा लाल नसतो, दुखतही नाही. पण विजेरीचा उजेड टाकला तरी बाहुली नीट आकसत नाही. या रुग्णाला दुपारीच, खरे तर सकाळीच, इस्पितळात न्यायला हवे होते.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे मिथेनॉलचे आम्ल होऊ न देणे. त्यासाठी फोमेपिझोल किंवा मोजून दिलेले शुद्ध इथेनॉल वापरतात. यकृतातील विकर इथेनॉलवर आधी काम करते, त्यामुळे मिथेनॉल तसेच राहते. शिरेतून सोडिअम बायकार्बोनेट देऊन रक्तातील आम्लता कमी करतात आणि डायलिसिसने मिथेनॉल व तयार झालेले आम्ल दोन्ही बाहेर काढतात. म्हणून रुग्णाला डायलिसिसची सोय असलेल्या इस्पितळात लवकर पोचवावे. मज्जातंतू एकदा मेला, की डायलिसिस करूनही दृष्टी परत येत नाही. काहींना थोडे दिसू लागते आणि पुढे ते पुन्हा कमी होते.

"दारूवर दारूच उतारा" हे ऐकून घरी आणखी पाजू नये. मात्रा रक्त तपासून ठरवावी लागते. शिवाय घरातली बाटलीही विषारी असू शकते. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, उलटी काढू नये. कुशीवर निजवून न्यावे.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळजण दारूची गोष्ट लपवतात. मग डॉक्टर पित्ताचे औषध देतात आणि मोलाचे तास वाया जातात. काय प्याला, किती वाजता प्याला आणि सोबत कोण होते, एवढे स्पष्ट सांगा. सोबत प्यालेल्यांना अजून काही होत नसले, तरी त्यांनाही लगेच घेऊन या. डोळे वाचण्याची खरी संधी त्यांनाच असते.