लेकीची एसआयपी अठराव्या वर्षी थांबते!

भाऊबीजेची ओवाळणी आम्ही लेकीच्या नावाच्या म्युच्युअल फंडात घालतो. शिवाय दरमहा 500 रुपयांची एसआयपी आहे. दर महिन्याला किती युनिट आले, ते ती स्वतः वहीत उतरवते. एनएव्ही खाली आली की तेवढ्याच पैशांत जास्त युनिट मिळतात, हे तिला वहीतूनच उमगलं.

मूल सज्ञान होण्याआधी युनिट विकले, तर नफा जास्त कमावणाऱ्या पालकाच्या उत्पन्नात धरला जातो. अठरा पूर्ण झाल्यावर विकले, तर तो मुलाचाच.

मात्र अठरा पूर्ण होताच एसआयपी थांबते, व्यवहार गोठतात. मुलाचं पॅन, सज्ञान म्हणून केवायसी आणि बँक खात्याचा तपशील अर्जासोबत फंडाकडे दिला, की खातं पुन्हा सुरू होतं. त्या अर्जावर सही लेकीची!