नाव नसलेली पंधरा कार्डं

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण’ हा पाठ सुरुवातीलाच येतो आणि बहुतेक वर्गांत तो पाठांतरानेच सुरू होतो. पहिली वीस मूलद्रव्यं म्हणून घ्यायची, मग गण, मग आवर्त, मग डोबेरायनर, न्यूलँड्स, मेंडेलीव्ह आणि प्रत्येकाच्या त्रुटी. मुलं ते म्हणूनही दाखवतात. पण पाठ नसलेल्या मूलद्रव्याबद्दल साधा प्रश्न विचारला की गप्प होतात, कारण सारणी त्यांच्या समोर तयार होऊन आलेली असते. ती कशी बनली आणि कशावरून बनली, हे त्यांनी पाहिलेलं नसतं. सारणी भिंतीवर न लावता मुलांच्या हातून बनवून घ्यायची, अशी ही पद्धत आहे. तिला साधारण तीन तासिका लागतात.

तयारी एवढीच. पोस्टकार्डाच्या आकाराचे जाड कागदाचे तुकडे कापायचे आणि चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाला पंधरा कार्डांचा एक संच द्यायचा. कार्डावर मूलद्रव्याचं नाव नसतं, संज्ञा नसते आणि मुख्य म्हणजे अणुअंकही नसतो. तीनच गोष्टी लिहायच्या: अणुवस्तुमान, हायड्रोजन किंवा क्लोरीनशी होणाऱ्या एका साध्या संयुगाचं सूत्र आणि थोडक्यात रूप व वागणूक. मूलद्रव्याच्या जागी X लिहायचा. म्हणजे सोडियमच्या कार्डावर ‘२३, XCl, मऊ धातू, पाण्याशी जोरात अभिक्रिया’ असं येईल आणि गंधकाच्या कार्डावर ‘३२, H2X, पिवळा, ठिसूळ स्थायू’.

संचात लिथियमपासून कॅल्शियमपर्यंतची मूलद्रव्यं आहेत, पण त्यांतली तीन मुद्दाम काढलेली आहेत: निऑन, आर्गॉन आणि सिलिकॉन. हायड्रोजन आणि हेलियमही अजून नाहीत. कॅल्शियमशी थांबण्यालाही कारण आहे. दर आठव्या मूलद्रव्याला पहिल्यासारखे गुणधर्म दिसतात, हा न्यूलँड्सचा १८६५ सालचा अष्टकांचा नियम तिथपर्यंतच नीट चालतो. त्यापुढची मूलद्रव्यं पहिल्याच दिवशी दिली, तर मुलांना आकृतिबंध दिसण्याआधीच अपवाद दिसू लागतात.

पहिली सूचना मोकळी ठेवायची: ‘जी एकमेकांसारखी वाटतात ती एकत्र ठेवा.’ बहुतेक गट सूत्राकडे धावतात. एका X ला एकच हायड्रोजन किंवा क्लोरीन जोडलेली कार्डं एका ढिगात, दोनवाली दुसऱ्या ढिगात. मग ‘एक’च्या ढिगात लिथियम, सोडियम आणि पोटॅशियमबरोबर फ्लुओरीन आणि क्लोरीनही येऊन बसतात. इथे शिक्षकाने चूक दाखवायची नाही. ढिगातली सगळी कार्डं मोठ्याने वाचायला सांगायचं. ‘मऊ धातू, मऊ धातू, फिकट पिवळा वायू…’ असं वाचता वाचता गटातलंच कुणीतरी थांबतं. संयुजा सारखी असली तरी वागणूक सारखी असेलच असं नाही आणि एकाच गुणधर्मावर केलेली वर्गवारी फसते, हे इथे कळतं.

दुसरी सूचना नेमकी द्यायची. सगळी कार्डं अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने एका ओळीत मांडा आणि प्रत्येकाखाली संयुजा खडूने लिहा. जमिनीवर ओळ उमटते ती अशी: १, २, ३, ४, ३, २, १, १, २, ३, ३, २, १, १, २. वर चढून खाली उतरणारा क्रम मुलांच्या लगेच लक्षात येतो. आता विचारायचं, ‘ओळ कुठे तोडाल म्हणजे सारखी कार्डं एकाखाली एक येतील?’ लिथियमसारखाच मऊ धातू सोडियम आहे, म्हणून तो लिथियमच्या खाली जातो आणि तिथून नवी ओळ सुरू होते. मॅग्नेशियम बेरिलियमखाली जातं, ॲल्युमिनियम बोरॉनखाली. इथवर छान जमतं.

पुढचं कार्ड आहे ३१ चं, म्हणजे फॉस्फरस. क्रमाने ते १२ च्या, म्हणजे कार्बनच्या खाली पडतं. संयुजा जुळत नाही, चाराखाली तीन येतो. तसंच पुढे रेटलं तर ३२ चं कार्ड नायट्रोजनखाली, क्लोरीन ऑक्सिजनखाली आणि शेवटी पोटॅशियम फ्लुओरीनखाली येतं. ही शेवटची जोडी नीट पाहायला लावायची. दोघांची संयुजा एक, म्हणून घाईत काही गटांना ती बरोबर वाटते. पण वर आहे वायू आणि खाली आहे पाण्यात टाकला की पेट घेणारा धातू. म्हणजे गडबड नक्कीच आहे, पण ती सुरू कुठे झाली? मुलं उलट चालत जातात आणि फॉस्फरसपाशी पोचतात. कुणीतरी ते कार्ड एक घर पुढे सरकवतं. त्याबरोबर मागची सगळी कार्डं एकेक घर सरकतात आणि सगळी जुळतात. कार्बनच्या खाली एक रिकामं घर उरतं.

आता त्या रिकाम्या घरात काय असेल, ते मुलांनी लिहायचं. अणुवस्तुमान २७ आणि ३१ च्या मध्ये, म्हणजे २९ च्या आसपास. संयुजा चार, म्हणून क्लोराइडचं सूत्र XCl4. मग सिलिकॉनचं कार्ड द्यायचं. अणुवस्तुमान २८.१, क्लोराइड SiCl4. मेंडेलीव्हने १८६९ साली सारणी मांडताना रिकाम्या जागा का सोडल्या, हा परीक्षेतला प्रश्न मुलांनी एव्हाना स्वतः सोडवलेला असतो.

दुसऱ्या तासिकेत अंदाज अधिक काटेकोर करायचा. सिलिकॉनच्या खालचं घर घ्यायचं आणि त्याच्या चार शेजाऱ्यांची माहिती फळ्यावर लिहायची: वर सिलिकॉन, खाली कथिल, डावीकडे गॅलियम, उजवीकडे अर्सेनिक. अणुवस्तुमानं अनुक्रमे २८.१, ११८.७, ६९.७ आणि ७४.९. बेरीज २९१.४, सरासरी ७२.८५. घनता ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरमध्ये २.३, ७.३, ५.९ आणि ५.७. सरासरी ५.३. आकडेमोड वहीत झाल्यावरच उत्तर सांगायचं. ते घर जर्मेनियमचं आहे, अणुवस्तुमान ७२.६ आणि घनता ५.३. मेंडेलीव्हने १८७१ साली याला ‘एका-सिलिकॉन’ म्हणून अणुवस्तुमान ७२ आणि घनता ५.५ असा अंदाज केला होता. क्लेमेन्स विंक्लरने ते मूलद्रव्य जर्मनीत फ्रायबर्गला शोधलं १८८६ साली. गॅलियम तर मेंडेलीव्हने अंदाज केला तेव्हा सापडलेलंही नव्हतं, तेव्हा आपल्या मुलांना त्याच्यापेक्षा एक शेजारी जास्त मिळाला आहे, हेही सांगून टाकावं.

इथे थांबायचा मोह होतो, पण थांबू नये. लगेच द्रवणांक काढायला सांगावा. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं, कथिल २३२ ला आणि गॅलियम ३० ला, म्हणजे जवळपास हाताच्या उबेने. अर्सेनिक साध्या दाबाखाली वितळतच नाही, त्याची थेट वाफ होते. तिघांची सरासरी ५५९ येते आणि जर्मेनियमचा खरा द्रवणांक आहे ९३८. अंदाज सपशेल चुकला. का चुकला? संयुजा एकेका अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. द्रवणांक मात्र स्थायूमध्ये असंख्य अणू एकमेकांना कसे बांधलेले आहेत यावर ठरतो आणि ती बांधणी शेजारच्या घरात पूर्ण बदलू शकते. सिलिकॉनमध्ये प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट जोडलेला असतो, गॅलियमची रचना त्याहून फार वेगळी असते. कोणत्या गुणधर्माचा अंदाज सारणीवरून भरवशाने करता येतो आणि कोणत्याचा नाही, हा फरक मुलांना एका फसलेल्या बेरजेतून समजतो.

तिसऱ्या तासिकेला राखून ठेवलेली तीन कार्डं काढायची: हेलियम ४.००, निऑन २०.१८ आणि आर्गॉन ३९.९५. तिन्ही वायू, संयुगाच्या जागी तिन्हींवर रेघ. निऑन फ्लुओरीन आणि सोडियमच्या मध्ये बसतं, हेलियम लिथियमच्या आधी. अख्खा स्तंभच गायब असल्यामुळे आधीच्या मांडणीत त्याचं रिकामं घर दिसलं नव्हतं आणि मेंडेलीव्हलाही ते दिसलं नव्हतं. मग आर्गॉनची पाळी येते. पोटॅशियम ३९.१०, कॅल्शियम ४०.०८. क्रम पाळायचा तर आर्गॉन या दोघांच्या मधे शिरतं आणि पोटॅशियम निऑनच्या खाली जातं. जुळलेला आकृतिबंध मोडतो.

मुलांना हवा तेवढा वाद घालू द्यावा. वस्तुमानाचा नियम सोडायचा की वागणुकीचा? बहुतेक जण वागणुकीच्या बाजूने बोलतात आणि ते बरोबर आहे. पण मग क्रम कशाने ठरवायचा? अणुअंक आता, गरज पडल्यावर आणायचा. १९१३ साली मोस्लेने क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवलं की मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुअंकाचा आहे. आर्गॉन १८, पोटॅशियम १९. वस्तुमान उलटं का, याचंही उत्तर आहे. हवेतलं बहुतेक आर्गॉन पोटॅशियमच्या किरणोत्सारी समस्थानिकापासून तयार झालेलं आहे, म्हणून ते जड भरतं. लगेच इलेक्ट्रॉन संरूपण लिहून घ्यायचं: आर्गॉन २, ८, ८ आणि पोटॅशियम २, ८, ८, १. सोडियम २, ८, १ आणि लिथियम २, १ शेजारी मांडले की एका स्तंभातली कार्डं सारखी का वागतात, ते समोर दिसतं.

या पद्धतीच्या मर्यादा मुलांपासून लपवू नयेत. हायड्रोजनचं कार्ड दिलं की ते सूत्रामुळे लिथियमच्या वर बसतं आणि वायू असल्यामुळे फ्लुओरीनच्या वर. ते दोन्हीकडे अर्धवटच बसतं आणि तसंच ते सांगावं. फॉस्फरस PCl5 सुद्धा देतो, लोखंडाची संयुजा कधी २ तर कधी ३ असते, त्यामुळे मधल्या स्तंभांना हा चढउतार लावता येत नाही. आणि पहिल्या वीस मूलद्रव्यांची नावं व संज्ञा पाठ कराव्याच लागतात. फक्त ते पाठांतर मांडणीनंतर करावं, कारण तेव्हा प्रत्येक नावाला जागा मिळालेली असते.

मुलांना कितपत समजलं, हे पाहायला त्यांनी कधीच न हाताळलेलं मूलद्रव्य द्यावं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या खाली आणि बेरियमच्या वर आहे, एवढंच सांगावं आणि दोघांची अणुवस्तुमानं, ४०.१ आणि १३७.३, फळ्यावर लिहावीत. विचारावं की त्याचं अणुवस्तुमान साधारण किती, क्लोराइडचं सूत्र काय आणि द्रवणांक किती. सरासरी ८८.७ येते, खरं अणुवस्तुमान ८७.६ आहे. सूत्र SrCl2. आणि तिसऱ्या प्रश्नाला ‘तो यावरून खात्रीने सांगता येणार नाही’ असं जो लिहील आणि का ते सांगेल, त्याला पूर्ण गुण द्यावेत.