रंगांची वाटी आणि गॅमाचा आकडा

नवा टीव्ही घरी आला की हौशी माणूस रिमोट हातात घेऊन थेट सेटिंगमध्ये शिरतो. तिथे `Color Space` किंवा `Color Gamut` नावाचा एक पर्याय असतो. त्यात `Auto` आणि `Native` दिसतात. `Native` निवडताच चित्र उजळून निघाल्यासारखं वाटतं, आणि बहुतेक जण समाधानाने तिथेच थांबतात. माझ्या मते नव्या टीव्हीचं चित्र बिघडवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

टीव्हीला येणाऱ्या सिग्नलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. पाककृतीत ‘एक वाटी साखर’ लिहिलेलं असतं, पण वाटी केवढी हे दोन्हीकडे आधीच ठरलेलं असावं लागतं, तसंच हे आहे. साध्या एचडी प्रक्षेपणासाठी ही वाटी Rec.709 या मानकाने ठरवली आहे. सिनेमागृहातल्या डिजिटल प्रक्षेपणासाठी डीसीआय-पी३ नावाची मोठी वाटी आहे. त्यातला हिरवा आणि लाल कितीतरी गडद आहेत. चांगल्या टीव्हीचा पडदा आज जवळजवळ पी३ इतके रंग दाखवू शकतो. यालाच वाइड कलर गॅमट म्हणतात.

`Native` म्हणजे आलेले आकडे पडद्याच्या मोठ्या वाटीने मोजणं. क्रिकेटच्या साध्या प्रक्षेपणात मैदान हिरव्या शाईने रंगवल्यासारखं दिसतं, आणि गव्हाळ चेहरा उन्हात भाजल्यासारखा तांबूस होतो. चित्रात नवी माहिती काहीच आलेली नसते, जुनीच फुगवलेली असते. ओळखायचं असेल तर चेहरे पाहा. भडक साडी फसवते, त्वचा फसवत नाही.

वाइड गॅमटचा खरा उपयोग एचडीआर चित्रात होतो, कारण तिथे कोणती वाटी वापरली आहे ते सिग्नलच सांगतो आणि `Auto`वर ठेवलेला टीव्ही आपोआप बदलतो. म्हणून इथे हात लावायची गरज क्वचितच पडते. स्वस्त टीव्हीवर एचडीआरचं चिन्ह उमटतं खरं, पण पडद्यालाच ते रंग झेपत नसतील तर कुठलंही सेटिंग ते आणून देणार नाही.

गॅमाचं मात्र वेगळं आहे. तिथे हात लावण्याला अर्थ आहे, कारण त्याचा संबंध तुमच्या खोलीशी आहे. सिग्नल निम्मा असला की उजेडही निम्मा पडतो, असं होत नाही. मधलं नातं एका घातांकाने ठरतं, तो घातांक म्हणजे गॅमा. गॅमा 2.2 असेल तर 50 टक्के सिग्नलला पूर्ण पांढऱ्याच्या साधारण 22 टक्के उजेड मिळतो, 2.4 असेल तर 19 टक्के. फरक किरकोळ वाटतो. पण अंधारात शिरा. 10 टक्के सिग्नलला 2.4 वर 0.40 टक्के उजेड मिळतो आणि 2.2 वर 0.63 टक्के, म्हणजे दीडपटीहून जास्त. काळा आणि पांढरा दोन्ही टोकांना जागच्या जागी राहतात, हलते ती मधली आणि विशेषतः खालची बाजू.

‘तुंबाड’ आठवा. पावसाळी करडा उजेड, कंदिलाच्या प्रकाशातला वाडा. दुपारी पडदे उघडे ठेवून 2.4 वर हा सिनेमा लावला, तर खिडकीचा उजेड पडद्यावर पसरतो आणि वाड्याचे कोपरे त्यात बुडून जातात. गॅमा 2.2 वर आणला की भिंतीचा पोत पुन्हा हाती लागतो. रात्री दिवे मालवल्यावर तेच 2.2 फिकट वाटतं, सावल्यांवर राखाडी झाक येते, आणि इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रातले अंधारातले चौकोनी ठोकळे डोळ्यांत भरतात. तेव्हा 2.4 बरा. स्टुडिओतल्या संदर्भ मॉनिटरसाठी 2011 साली आलेल्या BT.1886 या शिफारशीचा पायाही 2.4 हाच आहे. तिथली खोली मंद उजेडाची असते.

काही टीव्हींवर 2.2 किंवा 2.4 असे आकडे नसतात, उणे तीन ते अधिक तीन अशी पट्टी असते. तिथे आकड्यावर विश्वास न ठेवता एखादं अंधारं दृश्य थांबवून पाहावं. केसांतल्या बटा वेगळ्या दिसायला हव्यात, आणि सिनेमाच्या वर-खालच्या काळ्या पट्ट्या काळ्याच राहायला हव्यात. पट्ट्याच राखाडी झाल्या असतील तर दोष गॅमाचा नाही, काळ्याची पातळी वर गेली आहे. ती आधी खाली आणावी.

खोलीचा उजेड मोजून चित्र आपोआप बदलणारी आणि वीज वाचवणारी सेटिंगं ही पाहणी करताना बंद ठेवा, नाहीतर एकीकडे तुम्ही बदल करता आणि दुसरीकडे टीव्हीही करत राहतो. एचडीआरमध्ये हा सगळा खटाटोप सोडूनच द्यावा. तिथे गॅमाच्या जागी पीक्यू नावाची ठरलेली वक्ररेषा असते, आणि प्रत्येक आकड्याला किती उजेड द्यायचा हे ती आधीच सांगते. उजेडाच्या खोलीत एचडीआर अंधारलेलं वाटत असेल, तर आधी पडदे ओढून पाहा.