एक उपटला तर दहा येतात का?

वैनगंगेच्या काठी, भंडाऱ्याच्या पलीकडे असलेल्या कारध्यात २३ वर्षांच्या एखाद्या मुलाच्या कानशिलावर पांढरा केस दिसला, की घरातलं कुणीतरी हमखास बजावतं, ‘उपटू नको, एकाचे दहा होतील.’ उपटू नये हे खरं आहे, पण त्यामागचं कारण चुकीचं आहे.

प्रत्येक केस स्वतंत्र रोमकूपातून उगवतो आणि त्याला रंग देणाऱ्या पेशी त्याच रोमकूपात असतात. एक केस उपटल्याने शेजारच्या केसाच्या रंगपेशींना काहीच होत नाही. उपटलेल्या जागी कालांतराने पुन्हा एकच केस येतो आणि तोही बहुधा पांढराच असतो. संख्या वाढल्यासारखी वाटते, कारण केस पिकणं आधीच सुरू झालेलं असतं आणि आपलं लक्षही आता तिथेच असतं. तोच केस वारंवार उपटत राहिलं तर मात्र रोमकूप सुजतो, कधी पिकतो आणि शेवटी तिथे केस येणंच थांबू शकतं. त्यापेक्षा कात्रीने मुळाशी कापावा.

आपल्याकडे २५ वर्षांच्या आत केस पिकले तर ते अकाली मानतात. बहुतेकांच्या बाबतीत कारण घरातच सापडतं. वडिलांचे किंवा मामाचे केस कॉलेजच्या वयातच पांढरे झाले होते का, हे आधी विचारावं. आयआरएफ-४ या जनुकाचा केस पिकण्याशी असलेला संबंध २०१६ मध्ये सापडला, पण आनुवंशिक पांढरेपणा मागे फिरवणारं औषध अजून नाही. तेलावर पैसे घालवू नयेत.

घरात कुणाचेच केस लवकर पिकले नसतील, तर रक्तातलं बी-१२ तपासावं. बी-१२ जीवनसत्त्व मासे, अंडी, मांस आणि दुधातून मिळतं. नदीकाठी राहूनही जो मासे खात नाही, दूध-दही टाळतो आणि भात-वरण-भाजीवरच राहतो, त्याला ते कमी पडतं. जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, पायांना मुंग्या येणं, थकवा ही या कमतरतेची लक्षणं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. बी-१२ सोबत लोह आणि थायरॉईडही तपासून घ्यावं.

कमतरतेवरचा उपचार लागू पडला की नाही, हे केसावरच वाचता येतं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. रंग परतला, तर तीन महिन्यांनी मुळाकडचे तीन सेंटीमीटर काळे आणि टोक पांढरं दिसेल. मात्र सगळ्यांचाच रंग परततो असं नाही.

भंडारा-गोंदिया हा बिडीउद्योगाचा जुना पट्टा, म्हणून धुराबद्दलही सांगायला हवं. जॉर्डनमधल्या २०१३ च्या एका अभ्यासात, धूम्रपान करणाऱ्यांचे केस तिशीआधी पिकण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. हा दोन्हींमधला संबंध आहे, धूर हेच कारण असल्याचा पुरावा नव्हे. तरी ज्याच्या घराण्यातच लवकर केस पिकतात, त्याच्या हातात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी बिडी सोडणं ही एक आहे.